चकलीच्या हिशेबात पापड

पापडावर जीएसटी नाही. उडदाचा असो, नाचणीचा असो, पोह्याचा असो, त्याला गावोगावी काहीही नाव असो, तो करमुक्त आहे. (हॉटेलात तळून ताटात वाढला तर गोष्ट वेगळी; तिथे तो जेवणाच्या सेवेचा भाग होतो.) त्यामुळे एखादा गृहउद्योग वर्षाला एक कोटीचे पापड विकत असेल आणि पापडाखेरीज दुसरं काहीच विकत नसेल, तर त्याला सहसा जीएसटीची नोंदणी करावी लागत नाही. पण त्याच घरातून चकली विकायला सुरुवात झाली की हिशेबाचं चित्र पालटतं. चकली करपात्र आहे आणि करपात्र माल विकणाऱ्याला वर्षाच्या उलाढालीवर नजर ठेवावी लागते. ही उलाढाल मोजताना कायदा चकलीच्या रुपयांपुढे पापडाचेही सगळे रुपये मांडतो. ज्या मालावर एक पैसा कर नाही, तोच माल दुकानाला कराच्या दारात आणून उभा करतो.

हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला ते अन्यायाचं वाटलं. नंतर त्यामागचा विचार लक्षात आला आणि मी थक्क झालो. नोंदणीची मर्यादा हा प्रश्न ‘तुमच्याकडून कर किती येईल’ असा नाहीच. तो ‘तुमचा व्यवसाय एवढा मोठा झाला आहे का, की हिशेब ठेवणं आणि विवरणपत्र भरणं तुम्हाला झेपेल’ असा आहे. आणि व्यवसायाचा आकार ठरवताना पापडाचा रुपया आणि चकलीचा रुपया यांत काय फरक?

म्हणून जीएसटीच्या कायद्यात ‘एकूण उलाढाल’ ही काळजीपूर्वक आखलेली गोष्ट आहे. एका पॅनवर देशभर जे काही विकलं जातं ते सगळं तीत येतं: करपात्र माल, करमुक्त माल, निर्यात, परराज्यात पाठवलेला माल. गोळा केलेला कर मात्र त्यातून वगळायचा. मोजमाप एका आर्थिक वर्षाचं, म्हणजे 1 एप्रिलला पाटी कोरी होते. एकाच बाईंच्या नावावर फराळाचा आणि साड्यांचा असे दोन उद्योग असतील तर दोन्हींची बेरीज होते, कारण पॅन एकच. फराळ त्यांच्या नावावर आणि साड्यांचं दुकान भागीदारी संस्थेच्या नावावर असेल तर संस्थेचं पॅन वेगळं, तिची उलाढालही वेगळी.

आता एक उदाहरण धरू. कोल्हापुरात एक घरगुती फराळ उद्योग आहे, अशी कल्पना करा. उन्हाळ्यात पापड, वर्षभर चकली, चिवडा आणि लाडू. महाराष्ट्रात, गोव्यात आणि देशाच्या बहुतेक राज्यांत फक्त वस्तू विकणाऱ्याला 1 एप्रिल 2019 पासून 40 लाख रुपयांपर्यंत सूट आहे. सेवा देणाऱ्याला ती 20 लाखांची आहे. या उद्योगात एप्रिलपासून 2 नोव्हेंबरपर्यंत साधारण 16 लाखांचे पापड गेले आणि 24 लाखांच्या आसपास चकली, चिवडा, लाडू. दिवाळीच्या तोंडावर, 3 नोव्हेंबरला, दोन्हींची बेरीज 40 लाखांच्या पुढे गेली. करपात्र विक्री मर्यादेच्या बरीच खाली आहे, तरी नोंदणीची जबाबदारी त्या दिवशी अंगावर आली.

40 लाखांच्या या सवलतीत एक बारीक अट आहे आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. ही सवलत ‘फक्त’ वस्तू विकणाऱ्याला आहे. समजा हा उद्योग चालवणाऱ्या बाई श्रावणात उकडीच्या मोदकांचा वर्ग घेतात आणि दहा जणींकडून फी घेतात. शिकवणं ही सेवा. फी काही हजारांचीच असेल, पण आता त्या फक्त वस्तू विकणाऱ्या उरल्या नाहीत, म्हणून त्यांची मर्यादा 20 लाखांवर येते. मग नोंदणीचा दिवस दिवाळीपर्यंत थांबत नाही, पावसाळ्याच्या आसपासच येऊन गेलेला असतो आणि कोणाला पत्ताही नसतो. लग्नाच्या पंगतीचं काम घेणं हीसुद्धा सेवाच. फराळ विकणाऱ्याने केटरिंगची पहिली ऑर्डर घेण्याआधी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

काही व्यवहार मात्र असे आहेत की तिथे मर्यादेचा विचारच होत नाही. त्यांतला नेहमी भेटणारा म्हणजे राज्याच्या सीमेपलीकडे करपात्र माल पाठवणं. कोल्हापूर आणि बेळगाव यांच्यामधलं अंतर काही तासांचं. सोयरीक, बाजारहाट आणि भाषा यांनी ही दोन शहरं इतकी जवळची की मधे राज्याची हद्द आहे हे पार्सल देताना आठवतही नाही. पण कायद्याच्या दृष्टीने बेळगाव कर्नाटकात आहे. कोल्हापूरहून चकलीचं एक पार्सल बेळगावच्या गिऱ्हाइकाला पाठवलं की नोंदणी सक्तीची होते, मग वर्षाची उलाढाल दोन लाख का असेना. तेच पार्सल कोल्हापूरहून थेट गडचिरोलीला, म्हणजे कितीतरी पट लांब, पाठवलं तर काही होत नाही. इथे पापड पुन्हा आपली गंमत दाखवतो. सक्ती आंतरराज्य ‘करपात्र’ विक्रीला आहे. त्यामुळे बेळगावला फक्त पापड पाठवले तर ही सक्ती लागू होत नाही. पार्सलमध्ये पापडासोबत चकलीची एक पिशवी गेली की लागू होते. सेवा देणाऱ्यांना परराज्यातल्या कामासाठीही 20 लाखांपर्यंत सूट आहे आणि ठरावीक हस्तकला-वस्तूंनाही अटींसह सवलत आहे. फराळाला ती नाही.

ऑनलाइन विक्री मंचांबद्दलही पूर्वी असाच कडक नियम होता: तिथे वस्तू विकायची तर नोंदणी हवीच. 1 ऑक्टोबर 2023 पासून मर्यादेखालच्या छोट्या विक्रेत्याला, आपल्याच राज्यापुरती विक्री करायची असेल तर, नोंदणीऐवजी पोर्टलवर एक नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येतं. लहान उद्योगांसाठी हा बदल फार मोलाचा होता, असं मला वाटतं.

परत 3 नोव्हेंबरकडे येऊ, कारण या एका तारखेच्या भोवती कायद्याने जे काही बांधून ठेवलं आहे ते पाहण्यासारखं आहे. त्या दिवसापासून 30 दिवसांच्या आत gst.gov.in वर अर्ज करायचा असतो. अर्जाला शुल्क नाही. पॅन, आधार पडताळणी, जागेचा पुरावा, बँक खातं, एवढ्यावर तो होतो. अर्ज मुदतीत केला तर नोंदणी मागे जाऊन 3 नोव्हेंबरपासूनच लागू होते, प्रमाणपत्र 24 नोव्हेंबरला हातात पडलं तरीही. मुदत उलटून गेली तर नोंदणी प्रमाणपत्राच्या तारखेपासून लागू होते, कराची जबाबदारी मात्र 3 नोव्हेंबरपासूनच चालू राहते. 40 लाख ओलांडण्याआधी जे विकलं त्यावर कर नाही. पापडाचे ते 16 लाख फक्त मोजणीला आले, त्यांच्यावर कर आधीही नव्हता आणि पुढेही नाही.

मग 3 ते 24 नोव्हेंबरच्या मधल्या विक्रीचं काय? हा सगळ्यांत अवघड तुकडा आहे. नोंदणी नसलेल्या माणसाने कर गोळा करायला कायद्यात सरळ मनाई आहे. त्यामुळे त्या दिवसांच्या साध्या पावत्यांवर जीएसटी लिहिता येत नाही. पण कर तर लागू आहे. यावर कायद्यात एक वाट आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर महिन्याभरात त्या काळातल्या पावत्यांच्या जागी सुधारित बिलं काढायची. नोंदणी नसलेल्या सगळ्या किरकोळ गिऱ्हाइकांसाठी मिळून एकच एकत्रित सुधारित बिल चालतं.

आकड्यांत पाहू. त्या तीन आठवड्यांत, ऐन दिवाळीत, चकली-चिवड्याची 3,15,000 रुपयांची विक्री झाली. गिऱ्हाइकांनी पैसे देऊन फराळ नेला, आता त्यांच्यामागे कोण जाणार? तेव्हा घेतलेली रक्कम करासह होती असं धरायचं. फरसाण, चिवडा, चकली यांवरचा दर 5 टक्के आहे. पाकीटबंद फरसाणावर आधी 12 टक्के होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 5 वर आला. करासहित रकमेतून कर काढायचा तर 105 ने भागून 5 ने गुणायचं: 3,15,000 मधून 15,000 कर, मालाची किंमत 3,00,000. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सरळ 3,15,000 चे 5 टक्के काढणं. ते 15,750 होतात आणि 750 रुपये विनाकारण जातात.

हे 15,000 खिशातून जाणार, पण सगळे नाही. नोंदणी लागू होण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे 2 नोव्हेंबरला, घरात जो कच्चा माल होता, त्याच्या खरेदीवर आधीच भरलेला कर परत वळता करता येतो. समजा चकलीसाठी आणलेलं 60,000 रुपयांचं तेल होतं, त्यावर 5 टक्क्यांनी 3,000 कर भरलेला. आणि 20,000 च्या प्लास्टिकच्या पिशव्या, त्यांवर 18 टक्क्यांनी 3,600. हे 6,600 रुपये त्या 15,000 मधून वजा होतात. त्यासाठी खरेदीची रीतसर बिलं हवीत, ती वर्षभरापेक्षा जुनी नकोत आणि पोर्टलवर ठरावीक मुदतीत त्या साठ्याची यादी भरावी लागते. पापडासाठी वापरलेल्या मालावरचा कर मात्र असा वळता होत नाही, कारण पापडावर पुढे करच भरायचा नाही. शिवाय ही सवलत 30 दिवसांत अर्ज करणाऱ्यालाच आहे. उशीर करणाऱ्याला साठ्यावरचे 6,600 गमवावे लागतात, थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज लागतं आणि नोंदणी न केल्याचा दंड वेगळा: 10,000 रुपये किंवा बुडालेला कर, यांतली मोठी रक्कम.

प्रमाणपत्रासोबत येतो पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक. रचनेच्या दृष्टीने मला तो एखाद्या सुबक शिक्क्यासारखा वाटतो. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राचे 27, कर्नाटकाचे 29, गोव्याचे 30. पुढची दहा अक्षरं म्हणजे जशीच्या तशी पॅन. तेरावं अक्षर त्या पॅनवर त्या राज्यात कितवी नोंदणी आहे ते सांगतं. चौदावं सहसा Z. आणि पंधरावं अक्षर कोणी नेमून दिलेलं नसतं, ते आधीच्या चौदांवरून गणिताने निघतं. अंकांची किंमत तीच, A म्हणजे 10, B म्हणजे 11, असं करत Z म्हणजे 35. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या अशा सम जागांवरच्या किमती दुप्पट करायच्या आणि दुप्पट केल्यावर 36 किंवा जास्त झालं तर त्यातून 35 वजा करायचे. सगळ्यांची बेरीज करून 36 ने भागायचं, बाकी 36 मधून वजा करायची. उत्तर 36 आलं तर शून्य. जी किंमत उरेल ती अक्षरात लिहिली की पंधरावं अक्षर तयार. हातातल्या कुठल्याही बिलावर हे करून पाहा. चौदा अक्षरांपैकी कुठलंही एक चुकलं की पंधरावं जुळत नाही आणि पोर्टल तो क्रमांक घेतच नाही.

नोंदणी झालेल्याने हा क्रमांक दुकानाच्या नावाच्या पाटीवर आणि प्रमाणपत्र दर्शनी जागी लावायचं असतं. घरातून चालणाऱ्या उद्योगालाही हा नियम आहे.

आणि आता बिल. कोल्हापुरातला एक नोंदणीकृत दुकानदार 40 किलो चकली आणि 10 किलो पापड घेतो. चकली 320 रुपये किलो, म्हणजे 12,800. त्यावर 5 टक्के सूट, 640. बरणीत न देता खास खोक्यांत द्यायची म्हणून पॅकिंगचे 240. कर कशावर? इथे अनेकांचं चुकतं. बिलात दाखवलेली सूट किमतीतून वजा होते. पण पॅकिंगचे, पोहोचवण्याचे पैसे मात्र मालाच्या किमतीचाच भाग धरले जातात आणि त्यांच्यावरही चकलीच्याच दराने कर लागतो. 12,800 वजा 640 अधिक 240, झाले 12,400. ही करपात्र रक्कम. तिचे 5 टक्के म्हणजे 620, ते बिलावर दोन ओळींत जातात: केंद्राचा सीजीएसटी 2.5 टक्के, 310. राज्याचा एसजीएसटी 2.5 टक्के, 310. एकूण 13,020.

पापड त्याच बिलावर लिहायचे का? नाही. नोंदणीकृत गिऱ्हाइकाला करपात्र मालासाठी टॅक्स इन्व्हॉइस द्यायचं आणि करमुक्त मालासाठी वेगळं ‘बिल ऑफ सप्लाय’, ज्यावर कराचा रकानाच नसतो. एक पिशवी, एक हातगाडी, पण कागद दोन. तेच गिऱ्हाईक नोंदणी नसलेलं, म्हणजे घरी खायला नेणारं असेल, तर दोन्ही मिळून एकच कागद चालतो. त्याचं नाव ‘इन्व्हॉइस-कम-बिल ऑफ सप्लाय’. फराळवाल्यांना हा भेद रोज लागतो.

टॅक्स इन्व्हॉइसवर काय काय असावं हे नियमात ठरलेलं आहे आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीला काही काम आहे. विकणाऱ्याचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक. घेणारा नोंदणीकृत असेल तर त्याचेही तिन्ही. मालाचं वर्णन, किलो, दर, सूट, करपात्र रक्कम, कराचा दर आणि रक्कम वेगवेगळी. शेवटी सही. माल जात असेल तर तीन प्रती: एक घेणाऱ्याला, एक वाहतूकदाराला, एक आपल्याकडे.

बिलाच्या क्रमांकावर थोडं थांबतो. तो सोळा अक्षरांपेक्षा मोठा नको, एका आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये आणि ओळीने यायला हवा. `CH/26-27/0001` असा लिहिला तरी चालतो, कारण अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरपी रेघ यांना परवानगी आहे. ओळीने का? कारण विवरणपत्रात कुठल्या क्रमांकापासून कुठल्या क्रमांकापर्यंत बिलं काढली आणि त्यांतली किती रद्द केली हे सांगावं लागतं. म्हणून चुकलेलं बिल फाडून टाकायचं नाही, त्यावर ‘रद्द’ लिहून जपून ठेवायचं. मधला एखादा क्रमांक गायब असेल तर ती विक्री लपवली का, असा प्रश्न उभा राहतो.

बिलावर आणखी एक क्रमांक असतो, एचएसएन. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्याने नोंदणीकृत गिऱ्हाइकाच्या बिलावर त्याचे पहिले चार आकडे लिहायचे. किरकोळ गिऱ्हाइकाच्या बिलावर ते ऐच्छिक आहेत. चकली-चिवडा 2106 मध्ये येतात, पापड 1905 मध्ये. ही वर्गवारी मूळची ब्रुसेल्समधल्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची आहे, 1988 पासून जगभरची बंदरं तिच्यावर चालतात. 1905 या एकाच शीर्षकाखाली आपला पापड जगभरच्या पाव, केक आणि बिस्किटांच्या शेजारी बसतो. भाजणीची चकली आणि बेसनाचा लाडू दोघंही 2106 मध्ये, ‘इतर खाद्यपदार्थ’ या प्रकरणात. कोल्हापूरच्या हाताने लिहिलेल्या बिलावर हे चार आकडे पाहिले की मला दर वेळी नवल वाटतं.

हाच 12,400 चा माल बेळगावच्या दुकानदाराला गेला तर बिलात काय बदलतं? रक्कम तीच, दर तोच, कर 620 च. फक्त दोन ओळींच्या जागी एकच ओळ येते: आयजीएसटी 5 टक्के, 620. आणि ‘पुरवठ्याचं ठिकाण: कर्नाटक, 29’ ही ओळ लिहावीच लागते. या एका ओळीने सगळे पैसे दिशा बदलतात. आधीच्या विक्रीकरात, आणि 2005 पासूनच्या व्हॅटच्या काळात, परराज्यात विकलेल्या मालावरचा केंद्रीय विक्रीकर माल पाठवणाऱ्या राज्याला मिळायचा. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि कर खाणाऱ्याच्या राज्याकडे वळला. चकली तळली कोल्हापुरात, खाल्ली बेळगावात, तर राज्याचा वाटा कर्नाटकाचा.

तो कसा पोहोचतो ते या बिलाबरोबर पुढे जाऊन पाहू. बेळगावचा दुकानदार 12,400 ची चकली 16,000 ला विकतो आणि गिऱ्हाइकांकडून 5 टक्के, म्हणजे 800 घेतो. कोल्हापूरच्या बिलावर त्याने 620 आधीच दिले आहेत, ते वजा करून तो सरकारला 180 भरतो. 620 आणि 180, मिळून 800. म्हणजे शेवटच्या गिऱ्हाइकाने दिलेला कर जेवढा, तेवढाच सरकारजमा झाला. एक रुपया जास्त नाही, कमी नाही, वाटेत माल कितीही हातांतून गेला तरी. 620 पैकी जो भाग कर्नाटकाच्या एसजीएसटीत वळता झाला, तो केंद्र कर्नाटकाला देतं. या सगळ्याचा पुरावा एकच, ते बिल. कोल्हापूरच्या बाईंनी विवरणपत्रात बेळगावच्या दुकानदाराचा क्रमांक चुकीचा पण दुसऱ्या कोणाचा तरी खरा असलेला लिहिला, तर 620 भलत्याच्या खात्यावर दिसतात. पोर्टलचं गणित हे पकडू शकत नाही. ते उघडकीस येतं महिन्याभराने बेळगावहून फोन येतो तेव्हा: ‘ताई, तुमचं बिल माझ्याकडं दिसंना झालंय.’ पुढच्या विवरणपत्रात दुरुस्ती करता येते, पण तोवर त्या दुकानदाराचे 620 अडकलेले असतात.

बेळगावचं गिऱ्हाईक स्वतः कोल्हापुरात येऊन काउंटरवरून चकली घेऊन गेलं तर? 1 ऑक्टोबर 2023 पासून याचं उत्तर बिलावरच्या एका शब्दाने ठरतं. गिऱ्हाईक नोंदणी नसलेलं असेल आणि बिलावर त्याचा पत्ता नसेल, तर विक्री महाराष्ट्रातली, सीजीएसटी आणि एसजीएसटी. बिलावर पत्ता लिहिला, नुसतं ‘कर्नाटक’ एवढं राज्याचं नाव जरी लिहिलं, तरी विक्री कर्नाटकातली आणि कर आयजीएसटी. कर चुकीच्या नावाखाली भरला गेला तर तो योग्य नावाखाली पुन्हा भरायचा आणि चुकीचा भरलेला परत मागायचा. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि त्या चुकीवर व्याज लागत नाही. पैसे बुडत नाहीत, पण काही महिने दोनदा गुंततात.

काउंटरवरच्या चिल्लर विक्रीत प्रत्येक पुडीला बिल फाडायला नको. किंमत 200 रुपयांपेक्षा कमी असेल, गिऱ्हाईक नोंदणीकृत नसेल आणि त्याने बिल मागितलं नसेल, तर दिवसअखेर सगळ्या अशा विक्रीचं एक बिल पुरतं. उलट नोंदणी नसलेल्याच गिऱ्हाइकाने 50,000 किंवा त्याहून अधिकचा करपात्र माल नेला, तर त्याचं नाव, पत्ता आणि राज्य बिलावर हवंच.

एवढं सगळं नको असेल तर कंपोझिशनची वाट आहे. दीड कोटींपर्यंतच्या वस्तू-उत्पादकाला उलाढालीच्या 1 टक्का भरून मोकळं होता येतं. पण मग टॅक्स इन्व्हॉइस काढता येत नाही, फक्त बिल ऑफ सप्लाय, आणि त्याच्या माथ्यावर आपण कंपोझिशनमध्ये आहोत व कर घेऊ शकत नाही असं लिहावं लागतं. बेळगावला माल पाठवता येत नाही. गिऱ्हाइकाकडून कर मागता येत नाही आणि खरेदीवरचा करही वळता होत नाही. आणि पापडाने इथेही दगा दिला आहे. नुसता व्यापार करणारा 1 टक्का फक्त करपात्र विक्रीवर भरतो. माल बनवणाऱ्याला मात्र तो राज्यातल्या सगळ्या उलाढालीवर भरावा लागतो, त्यात पापडही आले. म्हणजे नोंदणीनंतरच्या एखाद्या वर्षात 16 लाखांचे पापड विकले, तर त्यांवर 16,000 रुपये. ज्या उद्योगात पापड जास्त आणि चकली कमी, तिथे कंपोझिशन घेण्याआधी हे गणित कागदावर मांडावंच.

पुढच्या वर्षी पापडाला ऊन कमी पडलं आणि उलाढाल 25 लाखांवर आली तर? नोंदणी आपोआप जात नाही. 1 एप्रिलपासून पहिल्या रुपयाच्या चकलीवर कर घ्यावाच लागतो, मर्यादेची सूट पुन्हा लागू होत नाही. आता नोंदणीची गरज नाही, असा अर्ज करून ती रद्द करता येते. मात्र आत येताना घरातल्या साठ्यावरचा जसा कर वळता करून मिळाला होता, तसा बाहेर पडताना त्या दिवशी घरात असलेल्या तेलावरचा, पिशव्यांवरचा आणि डब्यांत भरलेल्या चकलीतल्या कच्च्या मालावरचा वळता केलेला कर परत भरावा लागतो, आणि मगच शेवटचं विवरणपत्र पुरं होतं.